रेषेचा चढ किती खात्रीचा? पृथ्वीच्या आकाराचा वाद आणि एक सूत्र

साध्या रिग्रेशनमध्ये दोनच चल असतात. x आपल्याला माहीत असतो, y मोजायचा असतो आणि बिंदूंच्या घोळक्यातून एक रेषा काढायची असते. त्या रेषेच्या चढाचा अंदाज किती डळमळीत आहे, हे एक छोटे सूत्र सांगते: Var(b) = σ²/S. वर मोजमापातील गोंधळ आणि खाली x चा पसारा. अंश सगळ्यांच्या लक्षात राहतो; छेदाकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. 'निरीक्षणे वाढवा' हा सल्ला जितक्या वेळा ऐकू येतो, तितक्या वेळा 'निरीक्षणे लांब लांब घ्या' हा येत नाही. अठराव्या शतकात पृथ्वीच्या आकारावरून झालेला वाद मात्र या छेदावरच अडला होता, आणि तो सोडवण्यासाठी माणसे विषुववृत्तापासून उत्तर ध्रुववृत्तापर्यंत गेली. त्या वादातले आकडे हाताशी धरून या सूत्राचा आढावा घेऊ.

प्रश्न काय होता

न्यूटनने 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त असे मांडले की स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी ध्रुवांशी चपटी असली पाहिजे आणि तिच्या दोन अक्षांचे गुणोत्तर सुमारे 229:230 असावे. पृथ्वी अशी असेल, तर रेखावृत्तावरील एका अंशाची लांबी विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना वाढत गेली पाहिजे. फ्रान्समध्ये जाक कासिनीच्या मोजणीतून नेमके उलटे निघाले. पॅरिसच्या दक्षिणेकडील अंश सरासरी 57,097 तुआझ भरला, तर उत्तरेकडील 56,960. (एक तुआझ म्हणजे सुमारे 1.949 मीटर.) यावरून पृथ्वी ध्रुवांकडे लांबुळकी ठरत होती.

हा प्रश्न रेषेच्या रूपात मांडता येतो. अंशाची लांबी y आणि अक्षांश φ घेतला, तर बऱ्यापैकी अचूकपणे y = α + β·sin²φ असे म्हणता येते. म्हणजे x = sin²φ; विषुववृत्तावर त्याची किंमत 0 आणि ध्रुवावर 1. β धन निघाला तर पृथ्वी चपटी, ऋण निघाला तर लांबुळकी. आजच्या मोजणीनुसार β सुमारे 575 तुआझ आहे. म्हणजे विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत जाताना अंशाची लांबी जेमतेम एका टक्क्याने वाढते.

कासिनीच्या दोन तुकड्यांचे मध्य सुमारे 45°41′ आणि 49°56′ या अक्षांशांवर येतात. तिथे x च्या किमती 0.512 आणि 0.586, म्हणजे अंतर फक्त 0.074. β खरोखर 575 असेल, तर दोन तुकड्यांच्या अंशांत फरक पडायला हवा तो जवळपास 43 तुआझांचा. इतका फरक पकडायचा तर प्रत्येक अंश त्याहून कितीतरी बारकाईने मोजलेला हवा.

सूत्र कसे निघते

निरीक्षणे yᵢ = α + βxᵢ + εᵢ अशी आहेत असे धरू. xᵢ ठरलेले आहेत. εᵢ म्हणजे मोजमापातील चुका. या चुकांची सरासरी शून्य आहे, प्रत्येकीचे प्रचरण σ² इतके आहे आणि एका चुकीचा दुसरीशी संबंध नाही, एवढीच गृहीते पुरतात. चुका प्रसामान्य वितरणाच्या असल्याच पाहिजेत, अशी अट इथे नाही.

लघुतम वर्ग पद्धतीने चढ असा येतो:

b = Σ(xᵢ − x̄)(yᵢ − ȳ) / S,  जिथे S = Σ(xᵢ − x̄)²

इथे घाई केली की एक चूक हमखास होते. (yᵢ − ȳ) ही पदे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, कारण प्रत्येकात तोच ȳ आहे. त्यांपैकी प्रत्येकाचे प्रचरण σ²(1 − 1/n) भरते. नुसती ही प्रचरणे वापरून बेरीज केली, तर उत्तर खऱ्याच्या (n − 1)/n पटच येते. सहप्रचरणे धरली की ही तूट भरून निघते. पण त्या वाटेने जायची गरजच नाही. Σ(xᵢ − x̄) = 0 असल्यामुळे ȳ चे पद आपोआप गळून पडते आणि उरते ते

b = Σ cᵢyᵢ,  जिथे cᵢ = (xᵢ − x̄)/S

चढ म्हणजे मूळ निरीक्षणांची भारित बेरीज, एवढे हाती आले की पुढचे काम सोपे आहे. yᵢ च्या जागी α + βxᵢ + εᵢ घालू. Σcᵢ = 0 म्हणून α जातो. Σcᵢxᵢ = 1 म्हणून β तसाच राहतो. उरते b = β + Σcᵢεᵢ. चुकांची सरासरी शून्य, म्हणून b ची सरासरी β. म्हणजे अंदाज कोणत्याही एका बाजूला झुकत नाही. चुका परस्परांशी असंबद्ध, म्हणून प्रचरणांची साधी बेरीज करता येते:

Var(b) = σ² Σcᵢ² = σ² · S/S² = σ²/S

शेवटच्या पायरीवर थोडे थांबायला हवे. x चा पसारा दोनदा येतो. वर S येतो, कारण मध्यापासून लांबच्या बिंदूंचे भार मोठे असतात. खाली S² येतो, कारण प्रत्येक भाराला S ने भागलेले असते. 'x मध्ये जास्त चढउतार, म्हणजे अंदाजातही जास्त अनिश्चितता' असा समज नवख्या विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात भागाकार जिंकतो आणि पसारा वाढला की अनिश्चितता घटते.

σ² प्रत्यक्षात माहीत नसतो. रेषेपासूनच्या उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज n − 2 ने भागून त्याचा अंदाज s² घेतात. मग चढाची प्रमाण त्रुटी s/√S होते.

जोड्यांच्या नजरेतून

हेच सूत्र आणखी एका बाजूने पाहता येते. कोणतेही दोन बिंदू घेतले की त्यांतून एक चढ मिळतो. x मधील अंतर d असेल, तर त्या चढाचे प्रचरण 2σ²/d². अंतर निम्मे झाले की प्रचरण चौपट होते. लघुतम वर्गांचा चढ म्हणजे अशा सगळ्या जोड्यांच्या चढांची सरासरीच असते. फक्त तीत प्रत्येक जोडीला d² इतका भार मिळतो. S म्हणजे सर्व जोड्यांच्या d² ची बेरीज भागिले n.

रॉजर बॉस्कोविच या जेझुइट गणितज्ञाने या वाटेचा पहिला टप्पा 1755 मध्ये गाठला होता. ख्रिस्तोफर मेअरबरोबर त्याने रोम ते रिमिनी हा कंस मोजला होता. त्याने पाच कंस निवडले. क्विटोचा कंस बुगेर आणि ला काँदामिन यांच्या 1735 च्या पेरू मोहिमेतून आला. लॅपलँडचा कंस मोपर्त्युई, क्लेरो आणि सेल्सियस यांच्या 1736-37 च्या मोहिमेतून आला. केप ऑफ गुड होपचा कंस लाकायने मोजलेला. शिवाय पॅरिस आणि स्वतःचा रोम. आकडे असे होते:

क्विटो: x = 0, y = 56,751
केप: x = 0.2987, y = 57,037
रोम: x = 0.4648, y = 56,979
पॅरिस: x = 0.5762, y = 57,074
लॅपलँड: x = 0.8386, y = 57,422

पाच बिंदूंच्या जोड्या होतात दहा. बॉस्कोविचने दहाही काढल्या. केप आणि रोम यांची जोडी −349 देते, म्हणजे पृथ्वी लांबुळकी. पॅरिस आणि लॅपलँड 1326 देतात. क्विटो आणि लॅपलँड 800. त्याने सगळ्यांची साधी सरासरी काढली, ती सुमारे 667. त्यावरून चपटेपणा 1/255 च्या आसपास येतो. पण उत्तरे एकमेकांपासून इतकी फटकून होती की त्याचे समाधान झाले नाही. पुढे त्याने वेगळी पद्धत शोधली, जिच्यात रेषेपासूनच्या फरकांची चिन्हे सोडून केलेली बेरीज किमान केली जाते.

आता भार लावून पाहू. रोम आणि पॅरिस यांच्या x मधील अंतर 0.11 आहे, तर क्विटो आणि लॅपलँड यांच्यातील 0.84. लघुतम वर्गांत रोम-पॅरिस जोडीचा वाटा एका टक्क्याहूनही कमी पडतो, केप-रोम जोडीचा दीड टक्क्याहून कमी, आणि क्विटो-लॅपलँड या एकाच जोडीचा 36 टक्के. बॉस्कोविचच्या साध्या सरासरीत या तिन्ही जोड्यांना दहा-दहा टक्के मिळाले होते. जवळच्या जोड्यांची उत्तरे वेडीवाकडी येणार, हे सूत्रच सांगते. त्यांच्या वेडेवाकडेपणावरून पृथ्वीविषयी फारसे काही कळत नाही. जोडी किती जवळची होती, एवढेच कळते.

आकडे घालून पाहू

पाच बिंदूंचा x̄ = 0.4357 आणि S = 0.3915 येतो. चढ b = 723 तुआझ. रेषेपासूनचे फरक क्विटोपासून लॅपलँडपर्यंत अनुक्रमे 14, 83, −95, −80 आणि 78. त्यावरून s सुमारे 98 तुआझ. प्रमाण त्रुटी 98/√0.3915, म्हणजे 156. बिंदू पाचच असल्यामुळे 95 टक्के विश्वासाच्या अंतरासाठी 3.18 ने गुणावे लागते. अंतर निघते 226 ते 1220. शून्य त्याच्या बाहेर आहे. पृथ्वी लांबुळकी नाही, एवढे या पाच गोंधळलेल्या आकड्यांवरूनही ठामपणे म्हणता येते. चपटेपणा नेमका किती, ते मात्र या आकड्यांना सांगता येत नाही.

आता हाच गोंधळ, म्हणजे s = 98, कासिनीच्या दोन तुकड्यांना लावू. त्यांचा चढ −137/0.074, म्हणजे सुमारे −1850. आकडा भयंकर दिसतो. पण त्याची प्रमाण त्रुटी 98 × √2/0.074, म्हणजे सुमारे 1870 येते. उत्तर शून्यापासून एका प्रमाण त्रुटीच्या आत आहे. कासिनीचे कंस लांब होते, म्हणून त्याचा गोंधळ कदाचित 98 हून कमी असेल. तो निम्मा धरला, तरी उत्तर शून्यापासून दोन प्रमाण त्रुटींच्या आतच राहते. त्याच्या मोजणीत चुका होत्याच. 1739-40 मध्ये त्याचा मुलगा कासिनी द तुरी आणि लाकाय यांनी फ्रान्सचे रेखावृत्त पुन्हा मोजले, तेव्हा कल उलटला. पण चुका किरकोळ असत्या, तरी 0.074 एवढ्या पसाऱ्यावर हा वाद मिटणे अवघड होते.

मग फ्रान्समध्येच पुन्हा पुन्हा मोजत राहिले असते तर? एका जोडीचा S = 0.074²/2, म्हणजे सुमारे 0.0027. पाच कंसांच्या 0.3915 ला गाठायला अशा जवळपास 144 जोड्या लागल्या असत्या, आणि तेही प्रत्येक मोजणीची चूक आधीच्या मोजणीपासून स्वतंत्र असेल तरच. S हा निरीक्षणांच्या संख्येबरोबर सरळ वाढतो, पण पसाऱ्याबरोबर वर्गाने वाढतो. पसारा दुप्पट करणे म्हणजे निरीक्षणे चौपट करणे.

एकक बदलून मात्र हा फायदा मिळत नाही. x शंभराने गुणला की S दहा हजारपट होतो, प्रमाण त्रुटी शंभरपट लहान दिसते आणि चढही तितकाच लहान होतो. दोहोंचे गुणोत्तर तेच राहते. पसारा वस्तूंमध्ये हवा.

लांबच्या बिंदूची किंमत

पसाऱ्याची दुसरी बाजूही याच आकड्यांत आहे. cᵢ हे भार काढले तर रोमचा भार येतो 0.07 आणि लॅपलँडचा 1.03. रोमला 200 तुआझांची चूक झाली तर चढ 15 ने सरकतो. तीच चूक लॅपलँडला झाली तर 206 ने.

आणि ती झालीच होती. 1801 ते 1803 या काळात स्वीडनच्या स्वानबर्गने लॅपलँडचा कंस नव्याने मोजला. मोपर्त्युईचा अंश सुमारे 200 तुआझांनी जास्त असल्याचे त्यातून दिसले. मोपर्त्युईच्या मोहिमेने निकाल बरोबर दिला, पृथ्वी चपटीच निघाली. पण तिने चपटेपणा फुगवून सांगितला.

ही चूक रेषेपासूनच्या फरकांत का दिसली नाही? कारण लांबचा बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो. ही ओढ hᵢ = 1/n + (xᵢ − x̄)²/S या राशीने मोजतात. लॅपलँडसाठी ती 0.615 येते. म्हणजे तिथल्या चुकीचा 38 टक्के भागच त्या बिंदूच्या फरकात उरतो. बाकीची चूक रेषेत मुरते. लॅपलँडचा फरक 78 दिसतो, रोमच्या 95 पेक्षाही कमी. नुसते फरक पाहणारा माणूस रोमवर संशय घेईल.

हे ओळखायचा मार्ग सोपा आहे: एकेक बिंदू वगळून चढ पुन्हा काढावा. रोम वगळला तर चढ 732 होतो, केप वगळला तर 762, क्विटो वगळला तर 771. लॅपलँड वगळला की तो 515 वर घसरतो. चूक कुठे आहे, हे या कसोटीवरून सिद्ध होत नाही. सगळा निष्कर्ष कोणाच्या खांद्यावर उभा आहे, तेवढे ती दाखवते, आणि पुन्हा मोजायला कुठे जायचे तेही.

सूत्र कुठे थांबते

σ²/S मधला प्रत्येक भाग एका गृहीतावर उभा आहे. त्यांतली तीन गृहीते इथे महत्त्वाची.

पहिले, रेषा सरळच असणे. एका पट्ट्यात x कुठेही निवडता येत असेल, तर निम्मी निरीक्षणे एका टोकाला आणि निम्मी दुसऱ्या टोकाला घेतल्याने S सर्वात मोठा होतो. निरीक्षणे समान पसरवली असता जेवढा होतो त्याच्या जवळपास तिप्पट. पण मग मध्ये काय घडते ते कधीच कळत नाही. अंशाच्या बाबतीत sin²φ हा चल भूमितीतूनच आला होता, म्हणून सरळपणाची खात्री होती. पीक आणि खत किंवा पगार आणि शिक्षण अशा प्रश्नांत ती नसते. तिथे थोडा S सोडून मधले बिंदू घेणे शहाणपणाचे ठरते.

दुसरे, सगळीकडे गोंधळ सारखाच असणे. लांबची निरीक्षणे अवघड परिस्थितीत झालेली असतील, तर प्रचरण Σ(xᵢ − x̄)²σᵢ²/S² असे होते, आणि वर्गामुळे नेमक्या त्याच निरीक्षणांना मोठा भार मिळतो. हॅल्बर्ट व्हाइटने 1980 मध्ये या राशीचा थेट अंदाज घेण्याची रीत प्रचारात आणली. पसाऱ्याचा फायदा त्यातही राहतो. फक्त तो σ²/S सांगते त्यापेक्षा कमी असू शकतो.

तिसरे, चुका परस्परांशी असंबद्ध असणे आणि त्यांची सरासरी शून्य असणे. अक्षांश काढायला ओळंबा लागतो आणि जवळच्या डोंगराकडे ओळंबा किंचित झुकतो. केपचा अंश दक्षिण गोलार्धात अपेक्षेपेक्षा लांब भरला, तो याच कारणाने; एकोणिसाव्या शतकात मॅक्लिअरच्या फेरमोजणीने ते स्पष्ट केले. अशी चूक जागेला चिकटलेली असते. त्याच जागी शंभर वेळा मोजले, तरी n शंभर होत नाही.

दोनऐवजी अनेक चल असतील तेव्हाही हेच सूत्र थोड्या बदलाने येते. छेदात S ऐवजी S(1 − R²) येतो. इथे R² म्हणजे बाकीच्या चलांवरून x चा जेवढा भाग सांगता येतो तो वाटा. इतर चलांबरोबर हलणारा पसारा उपयोगी पडत नाही; x चा स्वतःचा म्हणून जेवढा उरतो तेवढाच छेदात येतो.

सहावा कंस कुठे?

पाच कंस हाताशी असताना सहावा कुठे मोजावा, याचे उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. नवा बिंदू x₀ वर घेतला की S मध्ये 5/6 × (x₀ − x̄)² एवढी भर पडते. विषुववृत्तावर आणखी एक कंस घेतला तर भर 0.158, 45 अंशांवर घेतला तर 0.003. चढासाठी दुसरा जवळपास निरुपयोगी.

तरीही फ्रेंच क्रांतीनंतर देलांब्र आणि मेशें यांनी 1792 ते 1798 या काळात डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत, म्हणजे 45 अंशांच्या भोवतीच मोजणी केली. त्यांना मीटर ठरवायचा होता. त्यासाठी रेषेची मधली उंची अचूक हवी होती, आणि मधल्या उंचीसाठी मधला बिंदू उत्तमच. पण मीटर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराच्या एक कोटीव्या भागाइतका धरायचा, तर चढही लागणारच. एकट्या फ्रेंच कंसातून चपटेपणा सुमारे 1/150 येत होता, आज मानल्या जाणाऱ्या 1/298 च्या जवळपास दुप्पट. 1799 मध्ये मीटर ठरवणाऱ्या समितीने तो बाजूला ठेवला आणि फ्रेंच कंस अर्धशतकापूर्वीच्या पेरूच्या कंसाशी जोडून 1/334 हा आकडा घेतला. लजाँद्रने 1805 मध्ये लघुतम वर्गांची पद्धत छापली, तेव्हा उदाहरण म्हणून याच फ्रेंच कंसाचे तुकडे वापरले. त्या अंदाजाचे प्रचरण काय, हा प्रश्न गाउसने 1820 च्या दशकात पद्धतशीर हाताळला.

म्हणून चढाचा कोणताही अंदाज वाचताना n किती हे विचारून थांबू नये. x कुठून कुठपर्यंत गेला होता, S किती होता आणि त्यातला किती भाग एकाच बिंदूच्या जोरावर होता, हेही विचारावे. कासिनीच्या बाबतीत हे तीन प्रश्न विचारले असते, तर पृथ्वी लांबुळकी असल्याचा दावा कागदावरच 'अनिर्णित' ठरला असता.